घोयरा आणि माकूळ: रंग बदलतो तेव्हा कातडीत काय हलतं?

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सोलापुरी चादरीपासून सुरुवात करू. चादरीतला लाल म्हणजे सुताला चढवलेला रंग. विणकराने धागे जवळ घेतले किंवा लांब ठेवले, तर वीण दाट होईल, विरळ होईल. लालाचा निळा काही होणार नाही. घोयऱ्याच्या कातडीत मात्र नेमकं हेच होतं. कण तेच राहतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि हिरव्याचा पिवळा होतो.

घोयरा म्हणजे कुंपणावर मान हलवणारा नेहमीचा सरडा नव्हे. हा डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा, शेपटीची गुंडाळी करणारा. आपल्या माळरानावरच्या बाभळीतही सापडतो. पण ज्याच्यावर कसून प्रयोग झाले तो मादागास्करचा पँथर घोयरा. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये त्याच्या कातडीचं कोडं उलगडलं.

त्याची कातडी थरांची आहे. वर पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी. त्यांच्या खाली ज्या पेशी आहेत त्यांत रंगद्रव्य नाहीच. ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक आहेत. ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएतलाच एक घटक. एकेक स्फटिक साधारण 130 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाचशेव्या भागाइतका. हे स्फटिक जाळीसारखे ओळीत बसलेले असतात. प्रकाश प्रत्येक ओळीवरून थोडाथोडा परततो, आणि ओळींमधलं अंतर ज्या तरंगलांबीला जुळतं तेवढाच रंग एकमेकांत मिळून उजळतो. बाकीचे रंग विरतात.

घोयरा शांत असताना जाळी दाट असते आणि निळा प्रकाश परततो. तो वरच्या पिवळ्या थरातून बाहेर येतो, म्हणून आपल्याला हिरवा दिसतो. समोर दुसरा नर आला की काही मिनिटांत जाळीतलं अंतर सुमारे 30 टक्क्यांनी वाढतं. ढोबळ हिशेब करून बघा. आधी 450 नॅनोमीटरचा निळा परतत असेल, तर 450 गुणिले 1.3 म्हणजे 585: थेट पिवळा. रंगद्रव्याचा एक कणही नवा तयार झालेला नाही.

हे जाळीचंच काम, हे कशावरून? कातडीचा तुकडा खारट द्रावणात ठेवला की पेशींतलं पाणी बाहेर जातं, पेशी आकसतात, स्फटिक जवळ येतात. रंग निळ्याकडे सरकतो, अगदी गणिताने सांगितलं तसा. नुसत्या रंगद्रव्याचा रंग मिठाने असा सरकला नसता. उलट बाजूचा पुरावा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरणीत दिसतो. अल्कोहोलमध्ये ठेवलेला हिरवा हरणटोळ साप काही काळाने निळसर पडतो, कारण पिवळं रंगद्रव्य विरघळून जातं आणि मागे रचनेचा निळा तेवढा उरतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. कातडीचे लाल पट्टे लाल रंगद्रव्याचे असतात. ते उजळ-फिके होतात, पण त्यांची छटा फारशी बदलत नाही. आणि घोयऱ्याला ज्या रंगाच्या वस्तूवर ठेवाल तो रंग तो घेतो, हा समज सोडून द्या. त्याचा रंग मुख्यतः दुसऱ्या घोयऱ्याला दिलेला इशारा असतो, आणि थंड सकाळी ऊन शोषायला तो काळपट होतो, तिथे मेलॅनिनच्या पेशी कामाला येतात.

पार्श्वभूमीशी खरोखर जुळवून घेतो तो कटलफिश. कोळी लोक त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना माकूळ म्हणतात. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगायचं समुद्रफेन याच्याच पाठीतलं. इथे काही मिनिटं लागत नाहीत, सेकंदाच्या आत काम होतं, कारण स्नायू आहेत. पिवळ्या, तांबूस किंवा तपकिरी रंगद्रव्याची एक लवचीक पिशवी आणि तिला चहूबाजूंनी चिकटलेले दीड-दोन डझन बारीक स्नायू. ते आवळले की पिशवी ताणून तबकडी होते आणि ठिपका दिसतो. सैल पडले की पिशवी आपसूक मिटते. मेंदूतून निघालेल्या चेता थेट या स्नायूंवर येतात. म्हणून एखादी चेता तुटली तर तेवढा भाग फिका पडतो: रंग दाखवायलाच जोर लागतो, लपवायला नाही.

निळे-हिरवे रंग मात्र या पिशव्यांत नाहीत. ते खालच्या पेशींतून येतात, तिथे ग्वानिनऐवजी रिफ्लेक्टिन नावाच्या प्रथिनाच्या चकत्या थरांनी रचलेल्या असतात. त्याहून खाली पांढऱ्या पेशी, सगळ्या तरंगलांबी सारख्याच उधळणाऱ्या.

या पांढऱ्या पेशी मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. कटलफिशच्या डोळ्यात प्रकाश टिपणारं एकच रंगद्रव्य आहे, म्हणजे आपल्या व्याख्येने तो रंगांधळा. मग हिरवट पाण्यात तो हिरवट कसा दिसतो? पांढरी पेशी जो प्रकाश पडेल तोच परत करते. पाण्यातून हिरवा उजेड आला तर हिरवा, निळा आला तर निळा. कटलफिशला फक्त उजळ-गडद आणि ठिपक्यांचा आकार ओळखून वरच्या पिशव्या उघडायच्या-मिटायच्या असतात. छटेचं बरंचसं काम त्याच्यावर पडणारं पाणीच करून देतं.