साधुरेव

[दृश्य: दादर स्थानक, संध्याकाळ. लोकल थांबते आहे.]

"दादरलाच उतरायचंय." म्हणजे परळला नाही, माटुंग्याला नाही. "दादरला उतरायचंच." म्हणजे दारात कितीही गर्दी असो, उतरायचं ते उतरायचं. 'च' तोच, फक्त जागा बदलली.

संस्कृतात हे काम 'एव' करतो.

[दृश्य: गिरगावातली चाळ. दहा-बारा जण, मांडीवर गीता.]

आज नवव्या अध्यायातला तिसावा श्लोक.

अपि चेत्सुदुराचारो भजते मामनन्यभाक् ।
साधुरेव स मन्तव्यः सम्यग्व्यवसितो हि सः ॥

एक काका म्हणतात, "साधु... रेव." श्वास तिथे तुटतो, आणि 'एव' हरवतो. बाई फळ्यावर पद सोडवतात: साधुः, एव. विसर्गाचा 'र्' झाला आणि 'एव'ला चिकटला, एवढंच.

[दृश्य: फळा, जवळून. खडू 'एव'भोवती गोल काढतो.]

'एव' ज्या शब्दामागे येतो, त्याला धरतो. इथे तो साधूमागे आहे. अगदी दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजत असेल, तर त्याला साधूच मानावं. अर्धा साधू, अर्धा पापी अशी वाटणी नाही. आता तोच 'एव' पुढे सरकवा: 'स एव साधुः'. तोच साधू, बाकीचे नव्हेत! श्लोकाने असं म्हटलेलं नाही.

नैयायिकांची जुनी उदाहरणं हेच दाखवतात. 'शंखः पाण्डुर एव', शंख पांढराच. 'पार्थ एव धनुर्धरः', धनुर्धर पार्थच.

सुरुवातीचा 'अपि' मात्र 'चेत्'बरोबर आला आहे: जरी असला, तरी. तो सुदुराचाराला टोकापर्यंत ताणतो, म्हणून पुढचा 'एव' इतका ठाम वाजतो. 'हि' कारण सांगतो: कारण त्याचा निश्चय योग्य आहे.

[दृश्य: गीतेचं पहिलं पान.]

मराठी माणसाची फसगत होते ती 'च'मुळे. आपला 'च' निश्चयाचा, संस्कृतातला 'आणि'चा. 'मामकाः पाण्डवाश्चैव' म्हणजे 'पांडवच' नव्हे. माझे आणि पांडव.

मग तिथे 'एव' कशाला? ओढूनताणून अर्थ काढता येईल, पण मला तिथे छंदाची गरजच जास्त दिसते. अनुष्टुभाच्या चरणाला आठ अक्षरं लागतात. अर्थात छंद हे दरवेळचं उत्तर नाही. 'साधुरेव'मधला 'एव' काढला तरी अक्षरं कमी पडतात, पण तिथे अर्थही सैल होतो.

बाई म्हणतात, "'एव' काढून मोजा."

[दृश्य: एका आजींचा हात, जवळून. अंगठा बोटांच्या पेरांवर.]

"मा, म, काः, पाण्, ड, वाश्, च..."

अंगठा सातव्या पेरावर थांबतो.

"एक कमी पडतंय हो."