कैरी कोणी पाडली, कोणी खाल्ली?

(इंदूरमधल्या मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, फळ्यावर मी दोन ओळी लिहिल्या आहेत. भाषा प्राकृत आहे, घाबरू नका.

सव्वाओ पाणाइवायाओ वेरमणं
थूलाओ पाणाइवायाओ वेरमणं

‘पाणाइवाय’ म्हणजे प्राणातिपात, जीव घेणं. ‘वेरमण’ म्हणजे विरमण, थांबणं. पहिली ओळ जैन साधूच्या महाव्रताची, दुसरी गृहस्थाच्या अणुव्रताची. फरक फक्त पहिल्या शब्दात आहे. साधू ‘सव्व’, म्हणजे सगळ्या हिंसेपासून थांबतो. गृहस्थ ‘थूल’, म्हणजे स्थूल, ढोबळ हिंसेपासून थांबतो. पाचही व्रतांचं असंच आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही नावं दोघांची सारखीच. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हे एका इवल्याशा सूत्रात सांगितलंय: ‘देशसर्वतोऽणुमहती’. काही अंशी सोडलं तर अणुव्रत, पूर्ण सोडलं तर महाव्रत.

इथवर तुमच्या गाईडमध्येही असेल. पण गृहस्थाचं व्रत लहान म्हणजे नेमकं कुठून लहान? तो कमी जीव वाचवतो, एवढंच उत्तर दिलं तर अर्धेच मार्क. हिंसेपुरतं ते खरं आहे. चालत्या-फिरत्या जिवांना, ज्यांना जैन ‘त्रस’ म्हणतात, जाणूनबुजून मारायचं नाही असं गृहस्थ ठरवतो. माती, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती यांत एकेंद्रिय जीव आहेत असं जैन मानतात. पण ज्याला चूल पेटवायची आणि भाजी चिरायची आहे, त्याला ते पूर्ण टाळणं शक्य नाही. साधू तेही टाळतो, म्हणून स्वतः स्वयंपाकच करत नाही. खरी गंमत मात्र दुसऱ्या ठिकाणी आहे. ती मला पुस्तकातून नाही, आमच्या स्वयंपाकघरात कळली.

मी तेव्हा तुमच्याएवढीच होते. आमच्या शेजारी एक स्थानकवासी जैन कुटुंब राहायचं. चातुर्मासात त्यांच्याकडे साध्वी गोचरीला यायच्या. गोचरी म्हणजे भिक्षा. गाय चरते तेव्हा इथलं थोडं, तिथलं थोडं खाते, गवत मुळासकट उपटत नाही, त्यावरून ते नाव. आईला वाटलं, आपल्याही घरी याव्यात. शेजारच्या काकूंनी आदल्या दिवशी त्यांना विनंती केली होती. आईने सकाळी कणीक जरा जास्त मळली, चार पोळ्या वेगळ्या केल्या, तूप लावून स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

दोन साध्वी आल्या. तोंडावर मुहपत्ती म्हणजे कापडाची पट्टी, हातात लाकडी पात्रं. मोठ्या साध्वींनी पोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “घर में कितने लोग हो? ये किसके लिए बनी हैं?” आई भाबडेपणाने म्हणाली, “आपके लिए ही तो बनाई हैं, महासतीजी!” झालं. त्यांनी पात्र मागे घेतलं, हसून हात जोडले आणि निघाल्या. आई दिवसभर चिडचिडत होती. काकूंनी समजावलं की असा आहार ‘असूझता’ होतो, साधूला न चालणारा. आई म्हणाली, “अहो, पण पीठ मी मळलं, गॅस मी पेटवला. त्यांनी काय पाप केलं?”

आईचा प्रश्न बरोबर होता. त्याच्या उत्तरातच महाव्रत आणि अणुव्रत यांतला फरक आहे.

उदाहरण आपल्या शाळेमागच्या आंब्याचं घेऊ. कैरी पाडायची आहे. एक, तू स्वतः दगड मारलास. दोन, धाकट्या भावाला पाठवलंस. तीन, तू काहीच केलं नाहीस, सांगितलंही नाहीस. भावाने आपणहून पाडून आणली आणि तू तिखट-मीठ लावून मजेत खाल्लीस. जैन विचारात या तीन वाटा आहेत: करणं, करवणं आणि अनुमोदन. त्यांना तीन ‘करण’ म्हणतात. कैरी खाताना तू भावाच्या दगडाला मनातून ‘बरं झालं’ म्हणालास की नाही? तेच अनुमोदन. यातली प्रत्येक गोष्ट मनाने, वाणीने किंवा शरीराने होऊ शकते. हे तीन ‘योग’. तीन करण गुणिले तीन योग म्हणजे नऊ वाटा.

साधू नवाच्या नऊ वाटा बंद करतो. त्याच्या प्रतिज्ञेतले शब्द आहेत ‘तिविहं तिविहेणं’, तीन प्रकारे, तिन्ही साधनांनी. पुढे तो म्हणतो, मी करणार नाही, करवणार नाही आणि दुसरा करत असेल तर त्याला चांगलंही म्हणणार नाही. आता आईच्या चार पोळ्या पाहा. गॅस साध्वींनी पेटवला नाही, पेटवायला सांगितला नाही. पण त्यांच्यासाठी पेटवलेल्या गॅसवरची पोळी त्यांनी खाल्ली असती, तर त्या आगीला, त्या पाण्याला त्यांची संमती झाली असती. तिसरी वाट उघडली असती. आमच्या पाच माणसांसाठी केलेल्या पोळ्यांतली एखादी त्यांनी आनंदाने घेतली असती. ती कोणीही आलं नसतं तरी झालीच असती.

आता गृहस्थाचे शब्द: ‘दुविहं तिविहेणं’. मन, वाणी, शरीर तिन्ही आहेत, पण करण दोनच. न करेमि, न कारवेमि. करणार नाही, करवणार नाही. पुढचं वाक्य नाही! अनुमोदनाचं दार उघडंच आहे.

असं का? जैनांनी गृहस्थाला सूट दिली, इतकं ते सोपं नाही. भगवतीसूत्र या जैन धर्मग्रंथात याची सुरेख चर्चा आहे. एक श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, सामायिकाला बसलाय. सामायिक म्हणजे 48 मिनिटं सगळे व्यवहार सोडून समभावाने बसायचं. तेवढ्या वेळात तो मनात म्हणतो, सोनं माझं नाही, चांदी माझी नाही. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी त्याचं सामान उचलून नेतं. सामायिक संपल्यावर तो उठतो आणि सामान शोधू लागतो. आजीवक पंथाच्या लोकांनी यावर बोट ठेवलं: आता हा कोणाची वस्तू शोधतोय? स्वतःची की परक्याची? मघाशी तर ‘माझी नाही’ म्हणत होता!

आजीवक म्हणजे त्या काळचा प्रतिस्पर्धी पंथ. प्रश्न खोचक आहे, तुम्ही वर्गात मास्तरांना विचाराल तसा. महावीरांचं उत्तर असं की तो स्वतःचीच वस्तू शोधतोय, कारण त्याने ममत्व सोडलेलं नाही. मालकी तेवढा वेळ बाजूला ठेवली होती, टाकून दिली नव्हती. सराफ्यातला दुकानदार सकाळी सामायिकाला बसला, तरी दुकान मुलगा उघडतोच. गल्ल्यात पैसे येतातच, आणि दुपारी त्याच पैशाची आमटी हा जेवतो. मुलाच्या व्यवहारात त्याचा वाटा आहे. मी अनुमोदन सोडलं असं तो म्हणाला तर ते खोटं होईल, आणि खोटं न बोलण्याचं व्रतही त्यानेच घेतलंय. म्हणून जे पाळता येईल तेवढंच बोलायचं. मला ही गोष्ट फार आवडते. मोठं व्रत घेऊन मोडण्यापेक्षा व्रताचे शब्द मोजून घेतलेत.

मोजून म्हणजे अक्षरशः मोजून. गणितवाल्यांनी वही उघडा. तीन करणांपैकी एकच निवडायचं तर 3 पर्याय, दोन निवडायची तर 3, तिन्ही तर 1. झाले 7. योगांचेही तसेच 7. सात सत्ते एकोणपन्नास. भगवतीसूत्रात व्रत घेण्याचे हे 49 ‘भंग’ म्हणजे प्रकार दिलेत. साधूला त्यातला एकच खुला आहे, सगळ्यात पूर्ण असलेला. गृहस्थ आपल्या ताकदीप्रमाणे निवडू शकतो.

अस्तेयात हा फरक आणखी ठळक दिसतो. साधूने दात कोरायची काडीसुद्धा कोणी दिल्याशिवाय उचलायची नाही. गृहस्थासाठी ढोबळ चोरी वर्ज्य. पण त्याच्या व्रताला कुठे डाग लागतो, त्याची यादी तत्त्वार्थसूत्रात आहे. ती वाचताना आपल्या बाजारात उभं असल्यासारखं वाटतं: चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम चुकवून व्यवहार करणं, खोटी मापं-वजनं, आणि अस्सल म्हणून नक्कल विकणं. सत्याचं तसंच. ब्रह्मचर्यात साधू संपूर्ण विरक्त, तर गृहस्थ आपल्या जोडीदारापुरता संतुष्ट. त्यावर जास्त बोलत नाही.

अपरिग्रहात मात्र मुलं नेहमी फसतात. साधूचं काहीच नाही, हे कळतं. दिगंबर मुनींकडे मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ, वस्त्रही नाही. मग गृहस्थाने थोडंच ठेवायचं का? उपासकदशांग नावाच्या आगमात, म्हणजे प्राचीन जैन धर्मग्रंथात, आनंद श्रावकाची कथा आहे. त्याच्याकडे बारा कोटी सुवर्ण होतं: चार कोटी पुरलेलं, चार व्यापारात, चार घरसंसारात. शिवाय दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. त्याने महावीरांकडे व्रत घेतलं आणि काय केलं? यातलं काही वाटून टाकलं नाही. यापुढे यापेक्षा जास्त नाही, एवढंच म्हणाला. नांगर पाचशे, दूरदेशी जाणारी जहाजं चार, मालवाहू चार. आणि त्याच दमात अगदी बारीक मर्यादाही: अंघोळीला पाण्याचे आठ घडे, दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी.

तुम्ही हसताय. बारा कोटीवाला अपरिग्रही कसला? पण गृहस्थाच्या व्रताचं नावच ‘परिग्रह-परिमाण’ आहे, परिमाण म्हणजे माप. ते रकमेवर नाही, वाढत्या हावेवर कुंपण घालतं. तेराव्या कोटीची संधी आली की व्रताची परीक्षा. माझं मत विचाराल तर आनंदचं कुंपण फारच लांब घातलेलं होतं. पण कुंपण होतं, आणि ते कुठे आहे हे त्याला आकड्यात माहीत होतं.

मग गृहस्थाचं तिसरं दार कायमचं उघडंच राहतं का? नाही. त्याच्यासाठी अकरा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांना ‘प्रतिमा’ म्हणतात. दिगंबर परंपरेतली दहावी पायरी आहे अनुमतित्याग. तिथे पोचलेला म्हातारा घरातच असतो. मुलगा विचारतो, बाबा, दुकान वाढवू का? तो होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि अकरावी पायरी उद्दिष्टत्यागाची: आपल्यासाठी मुद्दाम केलेलं अन्न घ्यायचं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी हे सगळं आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी मी खोटं बोलले असते, तर त्यांनी पोळी घेतली असती.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि व्रत माझ्यामुळे मोडलं असतं. बरं झालं विचारलं त्यांनी.”