कारखान्यातल्या सुपरवायझरचं गोदामासाठीचं पत्र

श्रोते हो, नमस्कार.

कारखान्यातली एखादी लाइन बंद होते, कपात होते, आणि चौदा-चौदा वर्षं शिफ्ट सांभाळलेला सुपरवायझर नव्या नोकरीच्या शोधाला लागतो. जाहिरातीत वेअरहाऊस मॅनेजरची जागा दिसते. बायोडेटा तयार असतो. गाडी अडते ती सोबतच्या पत्रापाशी, म्हणजे कव्हर लेटरपाशी. बायोडेटात पदं आणि वर्षं मांडली की भागतं. पण आयुष्यभर उत्पादन बघितलेल्या माणसाच्या हाती गोदाम का द्यायचं, हे त्या पत्रालाच सांगावं लागतं. आज बोलू या त्या पत्राबद्दल, आणि त्यातही त्याच्या मधल्या एका परिच्छेदाबद्दल.

बहुतेक पत्रांत हा परिच्छेद असा असतो: ‘मला उत्पादन क्षेत्रातील चौदा वर्षांचा दांडगा अनुभव असून मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार आहे. माझ्या हाताखाली बेचाळीस कामगार होते. दैनंदिन उत्पादनाचे उद्दिष्ट मी नेहमी पूर्ण केले.’ यात खोटं काही नाही. पण वाचणारा माणूस गोदामातला आहे. उत्पादनाचं उद्दिष्ट त्याच्या रोजच्या कामात कुठेच येत नाही. त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. साठा जुळतो का? माल वेळेवर निघतो का? फोर्कलिफ्ट फिरते तिथे माणसं सुरक्षित आहेत का? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा: साठा, वेळ, सुरक्षितता. या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यानं यांपैकी एकाचं तरी उत्तर द्यायला हवं.

आणि उत्तर द्यायचं ते घडलेल्या एका प्रसंगानं. एकच प्रसंग, पण पूर्ण. आता असा प्रसंग कसा निवडायचा, ते एका उदाहरणानं पाहू.

समजा, आपले सुपरवायझर बाटल्या भरण्याच्या लाइनवर आहेत. एका आकाराची बाटली आठवड्यातून चार शिफ्ट चालते आणि प्रत्येक शिफ्टला सहा हजार झाकणं लागतात. झाकणं स्टोअरमधून खोक्यांनी येतात. एके दिवशी ऐन शिफ्टच्या मध्यावर झाकणं संपतात आणि लाइन थांबते. संगणक मात्र सांगतो की तीन हजार झाकणं शिल्लक आहेत. म्हणजे अर्ध्या शिफ्टचा माल. रॅकवर जाऊन बघावं, तर एक खोकं नाही.

अशा वेळी काय होतं, ते कारखान्यात वावरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. स्टोअरवाले म्हणतात, लाइनवर झाकणं वाया जातात. लाइनवाले म्हणतात, स्टोअरनं माल दिलाच नाही. आपले सुपरवायझर या वादात पडत नाहीत. ते आधी नाकारलेल्या झाकणांची पिशवी ओतून मोजतात. शिफ्टला तीस-चाळीस झाकणं खराब निघतात, आणि तेवढी रजिस्टरमध्ये लिहिलेलीही आहेत. तीन आठवड्यांच्या बारा शिफ्ट धरल्या तरी हा आकडा पाचशेपर्यंतसुद्धा पोहोचत नाही. तेव्हा तीन हजारांचा खड्डा लाइनवर पडलेला नाही.

मग ते आवकेचं रजिस्टर काढतात. गेल्या तीन आठवड्यांत दीडशे खोकी आली आहेत. तीन हजार भागिले दीडशे, उत्तर येतं वीस. अगदी बरोबर वीस. श्रोते हो, इथे थोडं थांबू या, कारण मर्म इथेच आहे. चोरी झाली किंवा माल सांडला, तर फरक बहुधा वेडावाकडा येतो. फरकाला जेव्हा खोक्यांच्या संख्येनं पूर्ण भाग जातो, तेव्हा गडबड बहुधा मोजमापाच्या एककात असते. पुन्हा सांगतो: फरकाला खोक्यांनी पूर्ण भाग गेला, तर आधी खोकं उघडून मोजा.

त्यांनी नवं आलेलं सीलबंद खोकं उघडलं आणि टेबलावर शंभर-शंभरचे ढीग लावले. चार ढीग पूर्ण झाले, पाचव्यात ऐंशीच. पुरवठादारानं खोक्याचा आकार बदलला होता आणि आता त्यात पाचशेऐवजी चारशे ऐंशी नग भरत होता. नव्या लेबलवर तसं छापलेलंही होतं. पण आवक घेणारा कारकून फक्त खोक्यांची संख्या टाइप करायचा आणि संगणक तिला जुन्या पाचशेनं गुणायचा. दर खोक्यामागे वीस झाकणं फक्त कागदावर जमा होत गेली. आधीचा शिलकी माल या तुटीत हळूहळू मुरला, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उपाय तीन केले. संगणकात खोक्यातल्या नगांची संख्या चारशे ऐंशी केली. आधीच्या दीडशे खोक्यांची नोंद दुरुस्त केली. आणि स्टोअरशी बोलून पद्धत लावली की प्रत्येक आवकेतलं एक खोकं उघडून मोजायचं, मगच पावती करायची.

जाता जाता एक सांगतो, पत्राशी त्याचा तसा संबंध नाही. साठा मोजायला माणूस पाठवताना त्याच्या हातात संगणकाचा आकडा कधीही देऊ नये. कागदावर पाचशे दिसलं की दमलेल्या माणसाचे डोळे पाचशेच मोजतात. कागदावर फक्त मालाचं नाव आणि रॅकचा नंबर असावा, आकड्याची जागा कोरी. फरक निघाला तर दुसऱ्या माणसानं पुन्हा मोजावं. कोऱ्या कागदावरची मोजणी हीच खरी मोजणी, बाकी नुसत्या सह्या. असो.

आता हाच प्रसंग पत्रात कसा उतरतो, ते ऐका.

‘पॅकिंग लाइनवर संगणकात 3,000 झाकणे शिल्लक दिसत असताना रॅक रिकामा आढळला. पुरवठादाराने खोक्यातील नग 500 वरून 480 केले होते, परंतु आवक जुन्याच हिशेबाने नोंदली जात होती. हा फरक मी शोधला. स्टोअर विभागासोबत 150 खोक्यांची नोंद दुरुस्त केली आणि प्रत्येक आवकेतील एक खोके मोजूनच पावती करण्याची पद्धत सुरू केली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत या कारणाने लाइन एकदाही थांबली नाही.’

पाच वाक्यं. आवक, पावती, नोंद, रॅक, मोजणी: शब्द सगळे गोदामाचे आहेत, आणि लिहिणारा कारखान्यातला आहे. ‘मी गोदाम सांभाळू शकतो’ असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला ते कळतं.

यातले दोन शब्द फार जपून वापरलेले आहेत. ‘फरक मी शोधला’, पण ‘स्टोअर विभागासोबत नोंद दुरुस्त केली’. दुरुस्तीचा अधिकार स्टोअरचा होता, आणि मुलाखतीत नेमका हाच प्रश्न येतो की संगणकातला आकडा बदलला कुणी. पत्रात ‘मी’ लिहून बसलात आणि उत्तर देताना ‘म्हणजे आम्ही’ म्हणावं लागलं, तर खरी केलेली कामंही संशयात येतात. ‘या कारणाने’ हा शब्दही तसाच मोलाचा. लाइन इतर कारणांनी थांबलीच असेल. तो शब्द गाळला, तर दावा खोटा ठरतो. आणि सहा महिने हा आकडा तुमच्याकडे नोंदीवरून असेल तरच लिहा. नसेल तर ते वाक्य सोडून द्या, बाकीची चार वाक्यं पुरेशी आहेत.

पुरवठादाराचं किंवा ग्राहकाचं नाव मात्र पत्रात येऊ देऊ नका. जुन्या कंपनीची माहिती बाहेर सांगणारा माणूस आपलीही सांगेल, असंच वाचणारा समजतो.

साठ्याचं उत्तर झालं. उरले दोन प्रश्न, वेळ आणि सुरक्षितता, त्यांना एकेक वाक्य पुरतं. वेळेसाठी असं लिहिता येईल: ‘गाडी सुटण्याच्या वेळेपासून उलटा हिशेब करून मी शिफ्टमधील कामांचा क्रम व माणसे ठरवत असे.’ माल निवडणं, पॅक करणं, गाडीत चढवणं, गोदामातलं नियोजनही असंच गाडीच्या वेळेपासून मागे मोजत केलं जातं. सुरक्षिततेसाठी नेमकी केलेली गोष्ट लिहा, जसं की चालणाऱ्यांची वाट फोर्कलिफ्टच्या वाटेपासून पट्टे मारून वेगळी केली, किंवा खांब वाकलेला रॅक दिसताच तो रिकामा करवून दुरुस्तीपर्यंत बंद ठेवला. ‘सुरक्षेला प्राधान्य दिले’ एवढंच लिहून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आता कपातीचं वाक्य. ते लपवू नका आणि लांबवू नका. ‘आमची पॅकिंग लाइन बंद झाल्याने त्या लाइनवरील पदांसोबत माझे पदही रद्द झाले.’ बस. कारण आलं, आणि पद गेलं ते लाइन बंद पडल्यामुळे, कामात कसूर झाली म्हणून नव्हे, हेही आलं. व्यवस्थापनाबद्दलचा राग कितीही रास्त असला, तरी तो या कागदावर नको. या वाक्याची जागा शेवटाकडे, कामाच्या परिच्छेदानंतर. पत्राची सुरुवात कपातीनं केली, तर पुढचं सगळं वाचणारा त्याच चष्म्यातून बघतो.

राहिली उणीव. सुपरवायझरनं बहुधा गोदामाची स्वतंत्र संगणकप्रणाली चालवलेली नसते, आणि जाहिरातीत ती हमखास मागितलेली असते. तिथे गप्प बसण्यापेक्षा एक वाक्य लिहावं: ‘गोदामाची स्वतंत्र प्रणाली मी वापरलेली नाही, कारखान्याच्या ईआरपी संगणकप्रणालीमध्ये माल उचल, माल परत आणि जागाबदल या नोंदी रोज केल्या आहेत.’ पहिल्या अर्ध्या वाक्यानं प्रामाणिकपणा दिसतो, दुसऱ्या अर्ध्यानं शिकायला किती थोडं उरलं आहे ते. वाहतूकदारांशी दर ठरवण्याचं काम केलेलं नसेल, तर तेही केल्यासारखं भासवू नये. पहिल्याच आठवड्यात ते उघडं पडतं.

पत्र एका पानाचं असावं. वर पदाचं नाव आणि जाहिरातीत क्रमांक दिला असेल तर तो क्रमांक. मग साठ्याचा प्रसंग, त्याखाली वेळ आणि सुरक्षितता, पुढे उणिवेचं वाक्य, कपातीचं वाक्य, आणि शेवटी कोणत्या तारखेपासून रुजू होऊ शकता व रात्रपाळी चालेल का, हे दोन मुद्दे. गोदामं पाळ्यांत चालतात, त्यामुळे रात्रपाळीचं उत्तर आधीच मिळालं तर वाचणाऱ्याचा एक फोन वाचतो. संदर्भासाठी जुन्या स्टोअर प्रमुखाचं नाव द्यायचं असेल, तर आधी त्याला फोन करून विचारा आणि झाकणांचा तो प्रसंग पत्रात लिहिलाय हेही सांगा. उद्या त्यालाच विचारलं जाईल, आणि दीडशे खोक्यांची ती नोंद त्याच्याच सहीनं दुरुस्त झालेली आहे.

नमस्कार.