नऊ अंगस्ट्रॉमचा पेच

नाशिकच्या परिसरात काळा बेसॉल्ट फोडला की कधीकधी त्याच्या पोकळीतून असे स्फटिक निघतात. ही मोतिया झाक पाहा. यातला एक ह्युलँडाइट, दुसरा स्टिलबाइट, दोन्ही झिओलाइट गटातली खनिजंच. अख्खा स्फटिक असेल तर जाणकार आकारावरून ओळखेल. त्याची अशी पांढरी पूड झाली, की मग अणूंच्या थरांमधलं अंतरच मोजायचं.

हे अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत तांबं आहे. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी 1.5406 अंगस्ट्रॉम, आणि अंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. वरच्या आणि खालच्या थरावरून परतणाऱ्या किरणांच्या वाटेतला फरक पूर्ण तरंगलांबीइतका भरला, की ते एकमेकांना बळ देतात. आलेखावर शिखर उठतं ते त्याच कोनाला.

nλ = 2d sinθ

λ म्हणजे तरंगलांबी, d म्हणजे थरांमधलं अंतर, θ म्हणजे किरणाचा थराशी होणारा कोन, आणि n इथे 1.

पडद्यावरचं पहिलं शिखर 9.87 अंशांवर आहे. हा 2θ, म्हणून आधी निम्मा करा: 4.935. त्याचा साइन 0.0860. 1.5406 ला त्याच्या दुपटीने भागलं की d येतो 8.96 अंगस्ट्रॉम. म्हणजे ह्युलँडाइट?

थांबा. स्टिलबाइटचं पहिलं शिखरही 9.75 अंशांच्या आसपासच येतं. आता नमुनापट्टीकडे बघा: पूड काठापेक्षा जराशी खाली बसली आहे. 150 मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात पूड 0.2 मिलिमीटर खाली असली, तरी शिखर सुमारे 0.15 अंश डावीकडे सरकतं. तेवढ्यात ह्युलँडाइटचा स्टिलबाइट होतो! म्हणून पुडीत चिमूटभर क्वार्ट्झ मिसळा. त्याचं मोठं शिखर 26.64 अंशांवर हवं. नसेल तर पूड काठाशी समतल करून पुन्हा मोजा.

खरा निवाडा पुढच्या एका मोठ्या शिखरावर होतो. ह्युलँडाइटचं 22.4 अंशांजवळ, स्टिलबाइटचं 21.9 जवळ. अर्ध्या अंशाचा हा फरक उंचीच्या चुकीने झाकला जात नाही. पण झाकला जातो दुसऱ्याच कारणाने. ही दोन्ही खनिजं पापुद्र्यांत फुटतात. वरून काच दाबून पूड सपाट केली की पापुद्रे आडवे निजतात. मग पहिलं शिखर अवाच्या सवा उंच आणि बाकीची जेमतेम. असा आलेख दिसला की संगणकाशी झटू नका, नमुना पुन्हा भरा. अगेटच्या खलात पूड बोटांना कणी लागणार नाही इतकी बारीक करा, आणि पट्टी मागच्या बाजूने, हलक्या हाताने भरा. सॉफ्टवेअर जुळणी सुचवतं, पण नाव अहवालात तुमच्या सहीने जातं.

आणि ह्युलँडाइट ठरलं तरी एक जोडीदार उरतो: क्लिनोप्टिलोलाइट. थरांची रचना तीच, आलेख जवळपास तोच. तिथे पूड 450 अंश सेल्सियसला रात्रभर तापवतात आणि आलेख पुन्हा काढतात. ह्युलँडाइटची रचना ढासळते, क्लिनोप्टिलोलाइटची टिकते.