डबा कोण बंद करतंय?

[दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी. कणीक मळायच्या मशीनचा आवाज.]

पहाटेचे साडेचार. पुण्यातला डब्याचा एक व्यवसाय. गिऱ्हाईक महिन्याचे पैसे आधी भरतं आणि रोज दुपारी डबा पोचतो. हा व्यवसाय आपण नमुन्यादाखल घेतलाय, आकडेही तोंडी हिशेब जमेल असेच. पण दर सोमवारी तिथल्या मीटिंगमध्ये जे होतं, ते तुम्ही तुमच्याकडेही पाहिलं असेल.

[दृश्य: भिंतीवरचा टीव्ही. निळी रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते.]

जानेवारीत ४०० जणांनी डबा लावला. फेब्रुवारीत आणखी ५००, मग ६००, ८००, १००० आणि जूनमध्ये १२००. रेघ चढत चढत ४५०० वर पोचली. सगळे खूश. खरेदी बघणाऱ्या काकांनी वहीत लिहूनही टाकलं: जुलैचा तांदूळ ४५०० डब्यांच्या मापाने.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी तर रोज दोन हजार साडेतीनशेच्या आसपास डबे भरतेय. बाकीचे जेवतात कुठे?"

त्या रेघेत आकडा कुठलाच चुकीचा नव्हता. ती ‘आजवर एकूण किती जणांनी नाव नोंदवलं’ ते सांगत होती. त्यात सोडून गेलेला माणूसही कायमचा मोजलेला असतो. अशी रेघ खाली येऊच शकत नाही. धंदा बसला तरी ती फार तर सपाट होईल. जे चित्र मुळातच उतरू शकत नाही, त्याच्यावर वाढ मोजायची नाही.

[दृश्य: निळी रेघ पुसली जाते. शून्याची आडवी रेघ. तिच्यावर हिरवे खांब, खाली तांबडे.]

आता तेच महिने पुन्हा मांडू. शून्याच्या वर नवे आलेले, खाली बंद केलेले. मे महिना: १००० आले, ५३७ गेले. जून: १२०० आले, ६८१ गेले. वाढ झाली, पण ५१९ ची. मेअखेर १८५० जण जेवत होते, जूनमध्ये २३६९. मावशींचा आकडा बरोबर होता. काकांना हे चित्र समजावून सांगावं लागलं नाही. जमा वर, खर्च खाली, असा जमाखर्चच होता तो. चित्राच्या माथ्यावर ‘मासिक वाढ विश्लेषण’ असं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं: ‘जूनमध्ये १२०० आले, ६८१ गेले.’

मग प्रश्न उरला, हे ६८१ नेमके कोण?

[दृश्य: रंगीत चौकटींचा त्रिकोणी तक्ता. डावीकडे गडद, उजवीकडे फिकट, खालचा कोपरा पांढरा.]

आकडेवारीचं काम करणाऱ्या मंडळींचा हा लाडका तक्ता. प्रत्येक ओळ म्हणजे एका महिन्यात आलेल्यांची बॅच. उजवीकडे सरकू तसा एकेक महिना उलटतो आणि शंभरातले किती टिकले ते चौकटीत दिसतं. करणाऱ्याला तो आरशासारखा स्वच्छ वाटतो. मावशींनी मात्र पांढऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं: "म्हणजे जूनची माणसं सगळी गेली?"

गेली नव्हती. त्यांचा पुढचा महिना अजून उजाडायचाच होता. रिकामी चौकट म्हणजे ‘अजून माहीत नाही’, आणि वाचणारा तिला शून्य समजतो. हा दोष वाचणाऱ्याचा नाही. बाकी रंग फिकट होत जाताना माणसं कमी होत असतील, तर पांढऱ्याचा अर्थ आणखी काय घ्यायचा?

तक्ता करणाऱ्याकडेच ठेवावा. मीटिंगमध्ये रेघा दाखवाव्यात, त्याही सहा नाहीत, तीन.

[दृश्य: खाली ‘डबा लावून किती महिने झाले’, बाजूला ‘१०० पैकी उरले’. जानेवारी, मार्च आणि मेची रेघ. नाव प्रत्येक रेघेच्या टोकाशीच.]

जानेवारीची बॅच बघा. सुरुवातीला १००. महिन्याभराने ५०. मग ३५, २८, २५, २४. मार्चची रेघ जानेवारीच्या रेघेवरूनच जाते आणि लवकर थांबते. मेचीही तशीच, आणखी लवकर. जिथे माहिती संपली तिथे रेघ संपली, शून्यावर आपटली नाही.

आता जे दिसतं ते खोलीतल्या सगळ्यांना एकदम दिसतं. सर्वांत मोठी पडझड पहिल्या महिन्यातच होते, नंतर रेघ हळूहळू आडवी होत जाते. जूनमध्ये गेलेल्या ६८१ पैकी ५०० एकट्या मेच्या बॅचचे होते.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, कारण तिने भलेभले फसतात. काही जण बॅचच्या भानगडीत न पडता एकच आकडा काढतात: गेल्या महिन्यातले किती टिकले? मेमध्ये तो ६१ टक्के होता, जूनमध्ये ६३. पेढे मागवायच्या बेतात होते लोक. पण एकही बॅच आधीपेक्षा जास्त टिकलेली नाही, तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्यात. झालं एवढंच की मुरलेल्या जुन्या गिऱ्हाइकांचं प्रमाण थोडं वाढलं, आणि सरासरी आपोआप वर सरकली.

दुसरा सापळा तारखेचा. २८ जूनला डबा लावणाऱ्याची मुदत २८ जुलैच्या सुमाराला संपते. १० जुलैला जूनच्या बॅचची रेघ काढली, तर बहुतेकांचे पैसे भरलेलेच असतात आणि रेघ झकास दिसते. म्हणून ज्यांची मुदत उलटून गेली, तेवढेच मोजायचे. बॅच पुरी होईपर्यंत तिची रेघ काढायचीच नाही.

[दृश्य: मोठा गोल. त्याच्या चार फोडी.]

मेच्या बॅचमधले ५०० गेले, ते कुठल्या भागातले? कुणीतरी पाय चार्ट केला. सर्वांत मोठी फोड कोथरूडची, २२५ जण. लगेच ठरलं, कोथरूडच्या डिलिव्हरीवाल्याला बोलवा.

पण कोथरूडात डबे लावलेच होते ५०० जणांनी. हिंजवडीत १८६ जणांनी लावले आणि १२० जणांनी बंद केले. पाय चार्टमध्ये फोड किती मोठी ते दिसतं, कितीपैकी ते दिसत नाही. शिवाय फोडींचे कोन डोळ्यांना नीट तोलता येत नाहीत. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग करून हेच मांडलं: एकाच पट्टीवर, एकाच रेषेपासून मोजलेलं माणूस अचूक ओळखतो, कोनात चुका वाढतात.

[दृश्य: चार आडव्या पट्ट्या, शून्यापासून, मोठीपासून लहानीपर्यंत.]

तर आडव्या पट्ट्या. आडव्या अशासाठी की ‘हिंजवडी’ हे नाव मान वाकडी न करता वाचता यावं. हिंजवडीत शंभरातले ६५ गेले, हडपसरात ५०, कोथरूडात ४५. आणि वाकडमध्ये ३६. वाकड सर्वांत चांगलं? पट्टीच्या टोकाशी लिहिलंय: ‘१४ पैकी ५’. दोघे जण इकडचे तिकडे झाले की ३६ चे ५० होतात. ती पट्टी म्हणून राखाडी ठेवली. पट्ट्या चाळीसपासून सुरू केल्या असत्या, तर हिंजवडी कोथरूडच्या पाचपट दिसली असती आणि वाकड चित्रातून गायबच झालं असतं.

[दृश्य: मीटिंगची खोली. डिलिव्हरीचा सुपरवायझर पडद्याकडे बघतोय. कुणी काही समजावत नाही.]

पट्ट्यांचं चित्र पडद्यावर लावलं आणि एवढंच विचारलं, "दादा, काय दिसतंय?"

तो म्हणाला, "हिंजवडी. तिथं डबा कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीपाशी पडून राहतो. जेवणाची सुट्टी संपल्यावर वर जातो."

[दृश्य: गेटवरचं टेबल. एकावर एक ठेवलेले डबे. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला दहा.]