पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं का?

(बेळगावात जाहिरात, छपाई आणि डिझाइनच्या धंद्यातल्या मंडळींसमोर दिलेलं हे व्याख्यान वाचण्यासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

मंडळी, निपाणीचे एक चप्पल व्यापारी दिवाळीच्या आधी माझ्याकडे आले. जुनी ओळख, मी त्यांना मामा म्हणते. त्यांना हायवेवर एक होर्डिंग हवं होतं, इन्स्टाग्रामवर जाहिराती करायच्या होत्या आणि चपलांच्या खोक्याचं झाकणही बदलायचं होतं. मी एआयवर तीन चित्रं काढून ठेवली होती. एकात पावसाने भिजलेल्या काळ्या कातळावर कोल्हापुरीचा जोड. दुसऱ्यात दारात बसून चामडं शिवणारा एक म्हातारा कारागीर. तिसऱ्यात खोक्यासाठी नक्षीदार चिन्ह. मामांना तिन्ही आवडली. खिशातून अॅडव्हान्स काढता काढता ते म्हणाले, “ताई, पैसे दिल्यावर ही चित्रं आमचीच की? दुसरं कोण वापरायचं नाही न्हवं?”

माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. याचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं होतं. काही वर्षांपूर्वी एका दागिन्यांच्या दुकानाला असंच चित्र करून दिलं आणि बिलावर नेहमीच्या सवयीने “सर्व हक्क आपल्याकडे” असं लिहिलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावातल्या एका दुकानाच्या जाहिरातीत जवळजवळ तोच चेहरा, तीच नथ आणि तोच उजेड दिसला. माझे ग्राहक म्हणाले, नोटीस पाठवा. वकिलांनी मला एवढंच विचारलं, “तुम्ही त्यांना जे विकलं, ते तुमच्याकडे होतं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ग्राहकांचे पैसे मी परत केले.

मामांना मी आधी परवाना समजावला, कारण तो भाग सोपा आहे. हे चित्र माझ्या खात्यावरून तयार झालं. ते एआय चालवणाऱ्या कंपनीच्या अटी मी मान्य केल्यात, मामांनी नाही. म्हणून मी कुठला प्लॅन घेतलाय, त्यात व्यावसायिक वापराला परवानगी आहे का आणि तो वापर माझ्या ग्राहकापर्यंत पोचतो का, हे बघणं माझं काम. उदाहरण सांगते. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीने चित्रांची मालकी सांगायची, तर वरचा महाग प्लॅन घ्यायला हवा, असं मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयच्या अटींत आहे. शिवाय साध्या प्लॅनवर काढलेली चित्रं तिथे सगळ्यांना दिसतात आणि इतरांनी त्यांच्यावरून नवी चित्रं काढायला आपण आधीच संमती दिलेली असते. अशा चित्रावर “फक्त तुमच्यासाठी” असा शिक्का मारून ते विकता येत नाही. अटी बदलत राहतात, म्हणून चित्र काढलं त्याच दिवशी अटींचं पान पीडीएफ करून कामाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण दोन वर्षांनी कुणी विचारलं तर तोच कागद हातात असतो.

आता कॉपीराइट. कंपनी म्हणते, “चित्रावरचे जे काही हक्क असतील ते तुमचे.” यातले “असतील ते” हे दोन शब्द नीट वाचा. हक्क आहेत की नाहीत, याचा निर्णय कंपनी नाही, कायदा करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक व्याख्या घातली गेली : संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती ज्याने घडवून आणली ती व्यक्ती. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, झालं, मीच कर्ता. पण मामांच्या चित्रात घडवून आणणारं कोण? “कातळावर ठेवा” म्हणणारे मामा, चार ओळी टाइप करणारी मी, की ते यंत्र बनवणारे? ही व्याख्या लिहिली तेव्हा अशी यंत्रं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. वर २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की कृतीत कौशल्य, निर्णयबुद्धी आणि थोडी तरी सर्जनशीलता दिसली पाहिजे. चार ओळींत ती किती मानायची, यावर ग्राहकाचे पैसे लावायला मी तयार नाही. अमेरिकेत तर चित्र फारच स्पष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने अहवालात म्हटलं की आजच्या साधनांत नुसत्या सूचना लिहून कुणी कर्ता ठरत नाही, आणि मार्चमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कर्ता माणूसच लागतो असं सांगितलं. मामांचा माल थोडा बाहेरदेशी जातो, म्हणून हेही त्यांना सांगावं लागलं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे शेजारच्या दुकानदाराने तेच चित्र उचललं तर?” मी सांगितलं, कातळावरच्या चित्रापुरतं तुमच्या हाती फारसं काही नाही, आणि दिवाळीच्या जाहिरातीला तेवढं चालतंही. चित्र दोन महिने टिकायचं, मग उतरायचं. पण खोक्याच्या चिन्हाला ते चालायचं नाही. ते वीस वर्षं खोक्यावर राहणार, उद्या तुम्ही त्याचा ट्रेडमार्क घेणार. ते माणसाने काढलेलंच हवं. म्हणून ते मी नव्याने कागदावर पेन्सिलने काढलं, कच्ची रेखाटनं तारीख टाकून ठेवली आणि त्याचे हक्क लेखी करून दिले. तेही तपशिलात. कारण आपल्या कायद्यात हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. “सर्व हक्क आपल्याकडे” या माझ्या जुन्या ओळीत दोन्ही नव्हतं.

आता जाहीर करण्याचा प्रश्न. यात माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज आहे. मामांचा भाचा म्हणाला, “खाली बारीक अक्षरात ‘एआय चित्र’ लिहूया, झालं.” मी कातळावरचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं आणि शेजारी मामांच्या दुकानातला खरा जोड ठेवला. चारशे टक्के मोठं करून दोघांना जवळ बसवलं. चित्रातल्या पट्ट्यावरची वेणी तीन पेडांची सुरू होते, मध्येच दोन पेडांची होते आणि पट्ट्याखाली शिरते ती पलीकडून बाहेरच येत नाही. डाव्या चपलेचा बाजूचा कान रुंद, उजव्याचा जवळजवळ नाहीच. तळाच्या कडेला मशीनने मारल्यासारखी एकसारखी टीप. मामांच्या जोडाचा तळ चामड्याच्या वादीने हाताने शिवलेला, टाके थोडे पुढेमागे. मामांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “ही चप्पल आमची न्हवंच की.” ती कुणाचीच नव्हती. अशी चप्पल कुणी बनवलेलीच नाही.

चित्र यंत्राने काढलं हा त्यात दोष नाही. गिऱ्हाइकाला जी वस्तू मिळणार नाही ती दाखवली, हा दोष. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. त्याच प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती भाच्याला मी दोनदा वाचून दाखवली : खालची टीप मूळ दाव्यातली दिशाभूल दुरुस्त करू शकत नाही. म्हणजे वर चुकीची चप्पल आणि खाली “एआय चित्र” हे चालत नाही. त्याच सूचनांत असंही आहे की टीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरवळणात हवी. आपल्या भागात हे रोजचं काम आहे. वर कन्नड आणि मराठीत दावा आणि खाली एक इंग्रजी ओळ, असं मीही पूर्वी केलंय. आता दोन्ही भाषांत टीप देते.

कोल्हापुरीच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवं. या चपलेला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे आपल्याकडचे चारही आहेत. अथणी-निपाणीकडच्या लोकांनी हाताने जे टाके घातले, त्या टाक्यांवर ते नाव उभं आहे. त्या नावाखाली यंत्राची टीप दाखवली तर नुकसान त्यांचंच.

मग कारागिराचं चित्र. चेहरा कुणाचाच नाही, म्हणून कुणाची परवानगी लागत नाही, असं वाटतं. प्रसिद्ध माणसाचा चेहरा न विचारता घेतला असता तर त्याच्या हक्काचा भंग झाला असता. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचा चेहरा, आवाज, नाव एआयने वापरायला मनाई केली, हे तुम्हाला माहीत असेल. पण इथे अडचण उलटी होती. चित्राखाली मामांना लिहायचं होतं, “आमचे कारागीर, तीन पिढ्यांचा हात.” तो माणूस अस्तित्वातच नाही, मग पिढ्या कुठल्या? मी मामांना विचारलं, तुमच्याकडे खरोखर शिवतं कोण? ते म्हणाले, “आहेत की, सत्तरीचे आहेत.” ते चित्र आम्ही तिथेच टाकून दिलं.

इन्स्टाग्रामचा भाग थोडक्यात. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, खऱ्यासारखी दिसणारी कृत्रिम माणसं किंवा घटना टाकताना मोठ्या समाजमाध्यमांनी वापरणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यायचं आणि लेबल लावायचं आहे. साधा रंग सुधारला, डाग काढला तर ते यात येत नाही. बऱ्याचदा फाइलच्या आतही खूण असते. पूर्ण यंत्राने काढलेल्या चित्रात `trainedAlgorithmicMedia` आणि खऱ्या फोटोत यंत्राचा भाग जोडला असेल तर `compositeWithTrainedAlgorithmicMedia` असं लिहिलेलं सापडतं. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की ही खूण गळून पडते. म्हणून ग्राहकाला फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून द्या आणि मूळ फाइल जपून ठेवा. खूण मुद्दाम पुसून देऊ नका, कुणी जास्त पैसे देतो म्हणाला तरी.

शेवटी काम असं झालं. निपाणीत मामांच्या दुकानाच्या ओसरीवर उत्तरेच्या उजेडात खरा जोड ठेवून फोटो काढला. कातळ आणि पाऊस तेवढा यंत्राचा घेतला, चपलेच्या कडेच्या आत एक ठिपकाही बदलला नाही. सत्तरीच्या त्या आजोबांना चित्र कुठे कुठे लागणार हे मराठीत लिहून वाचून दाखवलं, मानधन दिलं, सही घेतली. बिलावर मी लिहिलं : “चप्पल व व्यक्ती यांचे फोटो : पूर्ण हक्क, कायम, जगभर. पार्श्वभूमी एआयने तयार केलेली : वापराची परवानगी, एकमेव वापराची हमी नाही. खोक्याचे चिन्ह हाताने काढलेले : पूर्ण हक्क, कायम, जगभर.”

मामांनी तीनही ओळी वाचल्या आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “हमी नाही त्याचे पैसे कमी करा की मग.” मी कमी केले. ते बरोबर बोलत होते.