गोधडीआडचा आवाज

[दृश्य: एक हात पंख्याचं बटण बंद करतो. दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या.]

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. दुपारचे अडीच वाजलेत. ऐन उकाड्यात या घरातला पंखा बंद झाला, की समजायचं, ताईंचं काम सुरू झालं.

ताई शेतीचे व्हिडिओ करतात. त्यात त्या कधीच दिसत नाहीत, इथेही दिसणार नाहीत. चित्रीकरणाआधीच त्यांनी बजावलं होतं, "बोलता येस माले. पन तोंड दखाडनं नही." म्हणून आमचा कॅमेरा त्यांच्या हातांवरच राहिला.

[दृश्य: वही, पेन्सिलीच्या खुणा.]

आधी वही. आठ मिनिटांच्या व्हिडिओला साधारण हजार शब्द लागतात. जिथे श्वास घ्यायचा, तिथे पेन्सिलीची उभी रेघ. चित्रं नंतर शोधायची, आवाज आधी. चेहरा नसला, की प्रेक्षकाला धरून ठेवायला आवाजच उरतो.

[दृश्य: माइकपासून तोंडापर्यंतचं अंतर वितीनं मोजणारा हात.]

माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला. अगदी समोर धरला, तर ‘फवारणी’तला ‘फ’ माइकवर फुंकर मारल्यासारखा आदळतो. गोधड्या भिंतींचा घुमारा पिऊन टाकतात. पहिले दहा सेकंद ताई काहीच बोलत नाहीत. खोलीची ही नुसती शांतता ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरला नमुना म्हणून द्यायची, म्हणजे मागची घरघर वेगळी काढता येते. हा उपाय जपून करावा लागतो. जास्त झाला, की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. ताईंचे सुरुवातीचे व्हिडिओ तसेच आहेत. आम्ही ऐकले.

[दृश्य: लॅपटॉप. शोधपट्टीत cotton field. पांढरंशुभ्र शेत, त्यात चालणारं अवजड यंत्र.]

आता चित्रं. पेक्सेल्ससारख्या साइटवर ती फुकट मिळतात. ताईंनी कापसावरच्या पहिल्या व्हिडिओत हेच दृश्य घातलं होतं. आवाज सांगत होता आपल्याकडच्या वेचणीचं, आणि पडद्यावर शेत अमेरिकेतलं. तिथे यंत्र घालण्याआधी औषध मारून झाडांची पानं गाळतात, म्हणून शेत एकजात पांढरं दिसतं. कापूस एकाच फेरीत निघतो आणि प्लास्टिकात गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे शेतातच पडतात. आपल्याकडे झाड हिरवं असतं, एका फांदीवर फुटलेलं बोंड आणि दुसरीवर कच्ची कैरी, म्हणजे न फुटलेलं हिरवं बोंड. वेचण्याही तीन-चार होतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पहिलीच कमेंट आली, "हे शिवार कोणाचं?"

[दृश्य: ताईंच्याच शेतात, झाडावरून कापूस ओढणारी बोटं. अगदी जवळून.]

त्यानंतर बोंड, पान, माती या सगळ्याची चित्रं ताई स्वतःच्या मोबाइलवर घेतात. विकतचं किंवा फुकटचं दृश्य फक्त ढगांना आणि पावसाला. पाऊस कुठलाही चालतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तेही पूर्ण पटलं नाही.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप.]

सर्वांत जास्त पाहिला जातो तो मात्र मोबाइलचा पडदा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर स्वतः करू लागले. कुठे बोट ठेवायचं, हे शब्दांत सांगून भागत नाही. ताई स्क्रीन रेकॉर्डिंग लावतात. त्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करतात. नाहीतर मध्येच ओटीपीची पट्टी उतरते आणि व्हिडिओत कायमची राहते.

खातेदाराचं नाव आणि मोबाइल नंबर झाकायचे असतात. ताई ते धूसर करत नाहीत, त्यावर काळा चौकोन ठेवतात. एकदा पडदा सरकला आणि चौकोन जागेवरच राहिला. नंबर दोन सेकंद उघडा पडला. व्हिडिओ काढून पुन्हा चढवावा लागला. आता पडदा सरकवायची वेळ आली, की रेकॉर्डिंग थांबवतात आणि पुढचा तुकडा वेगळा घेतात. अ‍ॅपचं रूप बदललं, की हे सगळं पहिल्यापासून.

[दृश्य: ताईंची बोटं कीबोर्डवर.]

कमाईचं थोडक्यात. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला 1000 सदस्य आणि वर्षभरात पाहिले गेलेले 4000 तास लागतात. चेहरा लागत नाही. पण दुसऱ्यांच्या दृश्यांत स्वतःची भर नसेल, किंवा एकाच साच्यातून व्हिडिओ पाडले असतील, तर अर्ज परत येतो. ताईंचा एकदा आला होता. अमेरिकेतला कापूस तेव्हा चॅनलवरच होता.

[दृश्य: गोधडीमागून ताईंचा आवाज. माइकवरचा लाल दिवा.]

आज दुसऱ्या वेचणीचा व्हिडिओ आहे. तिसऱ्या ओळीला गल्लीतून ट्रॅक्टर गेला. ताई थांबल्या, पेन्सिलीनं खूण केली आणि ओळ पुन्हा म्हणाल्या.